नंदाबाईचं हिअरविथ

गोंदियात इतकं इंग्रजी टाइप केलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही, आणि त्यातलं एक वाक्यही नंदाबाईला वाचता येत नाही. हे मी आज सरळ लिहून टाकते, कारण तिनंच मला "लिवा, आता काय लपवाचं हाय" असं सांगितलं आहे. अकरा वर्षं मात्र ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती. एक ती, दुसरे केवळराम बाबू.

केवळराम बाबू आमच्या मंडळाचे सचिव. मंडळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. स्टेशनकडच्या रस्त्यावर एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, एक संगणक आहे आणि कागदांनी फुगलेली तीन कपाटं आहेत. देवरी, सालेकसा, चिचगडकडच्या ज्या लेकरांच्या हृदयात जन्मापासून दोष असतो, त्यांचे कागद गोळा करून नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळाला मेलनं पाठवायचे, इस्पितळाच्या मोफत शिबिराच्या यादीत त्यांचं नाव लावून घ्यायचं, हे काम. शिबिर चार महिन्यांतून एकदा होतं. यादीत आठ नावं, नवव्या लेकरानं चार महिने थांबायचं. सगळीच लेकरं तेवढी थांबू शकत नाहीत.

बाबू जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. वय चौऱ्याहत्तर, अक्षर मोत्यासारखं आणि इंग्रजी त्यांच्या कोटाइतकंच जुनं. मसुदा कागदावर लिहायचे, नंदाबाई तो बघून टाइप करायची, एका अक्षराची चूक नाही. ती हिंदी टायपिंग शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिनं केवळ आकारावरून हातात बसवून घेतली होती. नवरा गेल्यावर अंगणवाडीत मदतनीस होती, तिथून बाबूंनी तिला आणलं. रोज सकाळी गोरेगावहून एसटीनं यायची. डब्यात भात आणि वाळल्या मिरच्या, पर्समध्ये केसांना लावायचं तेल, आणि तोंडात कायम कुणाची तरी टवाळी. मंडळाचे अध्यक्ष दुलीचंदजी, कापडाचे व्यापारी, माणूस चांगला पण सगळं घाईत. त्यांना ती त्यांच्या तोंडावर म्हणायची, "तुमी कपडा फाडता का निर्णय घेता जी, येकाच झटक्यात."

मी स्नेहल. मीही गोरेगावची. नागपूरला इंग्रजीत एमए केलं, आणि घरी बसून परदेशी कंपन्यांची पुस्तकं, अहवाल तपासते. प्रूफरीडर. आमच्या वस्तीत या कामाला शब्द नाही, आई सगळ्यांना सांगते पोरगी चुका काढते. ते खरंच आहे, आणि मला त्याची घमेंडही होती. दुलीचंदजींना इस्पितळातल्या कुणीतरी सांगितलं की तुमच्या मेली फार लांबलचक असतात. त्यांनी मला बोलावलं. मंगळवार-शुक्रवार यायचं, पाठवायच्या मेली संगणकावरच तपासायच्या, रजिस्टरमध्ये हिरवी खूण करायची. खूण झाली की नंदाबाई पाठवणार.

पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. बाबूंची प्रत्येक मेल हिअरविथनं भरलेली, आणि काहींत हिअरबायही. हा रिपोर्ट हिअरविथ जोडला आहे, हा फॉर्म हिअरविथ सादर आहे, आम्ही हिअरबाय संमती देतो, आम्ही हिअरबाय विनंती करतो. मी त्यांना समजावलं. म्हटलं, बाबूजी, हिअरविथ म्हणजे 'यासोबत'. जोडलं आहे म्हटलं की सोबत आलंच, पुन्हा सोबत कशाला? आणि हिअरबाय म्हणजे 'या पत्रान्वये'. ते संमती देताना, राजीनामा देताना, नाव मागे घेताना शोभतं, जिथे पत्र हेच कृत्य असतं. विनंती करायला ते कशाला लागतं?

बाबू ऐकून घेत. मग म्हणत, "विनंतीतलं काढा. ते मात्र माझी सवय आहे, तुमचं बरोबर आहे. बाकीचे दोन्ही जागच्या जागी राहू द्या."

"पण का?"

"कार्यालयाची रीत आहे, बाई."

एवढंच. मला वाटलं म्हाताऱ्याचा हट्ट. चाळीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस, शब्दांना कवटाळून बसला आहे. मी चिडायचे, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच भांडण. असं दोन महिने चाललं.

नोव्हेंबरात बाबू डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेले. जाण्याआधी बुधवारी त्यांनी मसुदे लिहून ठेवले, नंदाबाईनं टाइप केले. शुक्रवारी संध्याकाळी पाचला इस्पितळाची यादी बंद होणार होती. मी शुक्रवारी सकाळी गेले. सात मेली तपासायच्या होत्या. बाबू नाहीत, अडवणारं कुणी नाही. मी मनसोक्त कात्री चालवली. सगळी हिअरविथ उडवली, सगळी हिअरबाय उडवली. वाक्यं कशी लख्ख झाली. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. रजिस्टरमध्ये सात हिरव्या खुणा केल्या आणि तीनच्या एसटीनं घरी निघाले.

निघताना चैतराम आणि रुख्मा जिना चढत होते. चिचगडचे, धानाची शेती. रुख्माच्या कडेवर खुशी. सहा वर्षांची पोर, वजन तीन वर्षांच्या पोरीएवढं, ओठ जांभळट. संध्याकाळपर्यंत नाव पक्कं झालं की रात्रीच्या गाडीनं नागपूरला न्यायचं होतं, म्हणून ते गाठोडं बांधूनच आले होते. मी खुशीच्या गालाला हात लावला. गार होता.

गोरेगावात उतरले. भाजी घेत होते तर फोन आला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"म्याडम, नागपूरवरून मेल आली जी. खुशीचीच दिसते, येकेचाळीस नंबर हाय. तुमाले फोटो टाकली. वाचून सांगा ना, हे लोकं इथं बसून राहिले."

मी फोटो उघडला. चार ओळी होत्या. पहिल्या वाचनात मला काही कळलंच नाही. मग कळलं आणि हातातली पिशवी खाली ठेवावी लागली.

लिहिलं होतं: आपल्या आजच्या मेलप्रमाणे प्रकरण क्रमांक एक्केचाळीसचं नाव मागे घेतल्याची नोंद केली आहे. आपल्या दुसऱ्या मेलसोबत कोणतेही कागद मिळालेले नाहीत. पाच वाजता ही जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या रुग्णाला दिली जाईल. पुढचं शिबिर मार्चमध्ये.

"नंदाबाई, तुम्ही नाव मागे घ्यायची मेल काऊन पाठवली?" मी भर बाजारात ओरडले.

"कोनती?"

"एक्केचाळीसची! दोन मेली होत्या ना?"

"दोनी पाठवल्या. तुमची खून होती दोनीवर."

"आणि रिपोर्ट? रिपोर्ट का नाही जोडले?"

अगदी हळू, बहुतेक चैतरामला ऐकू जाऊ नये म्हणून, ती म्हणाली, "म्याडम, त्याच्यात हिअरविथ कोठंच नोयता."

मला अजून समजेना. ती खोलीबाहेर जिन्यात आली असावी, आवाज घुमायला लागला. "मले इंग्रजी वाचता येत नाई. बाबूनं मले दोन शब्द दाखवून ठेवले हाय. हिअरविथ दिसला का कागद जोडाचा. जितके हिअरविथ, तितके कागद. पयला तो येक नंबर, दुसरा तो दोन नंबर. नाई दिसला तं नुसती मेल धाडाची. अन् हिअरबाय दिसला का हात लावाचा नाई, दुलीचंदजीले विचारल्याबिगर धाडाची नाई. अकरा वर्सं झाले, येकबी मेल चुकली नाई जी. आज दोनीत काहीच नोयतं. पाठवताना येक चौकट आली होती इंग्रजीत, मी निळ्या बटनावर दाबून देल्लं. मले वाटलं तुमी बदललं तं बरोबरच असन."

ती चौकट संगणकाची होती. कागद जोडायचे राहिलेत का, असं तो विचारत होता. यंत्रानं इशारा दिला, तोही इंग्रजीत.

आता माझ्या ध्यानात आलं. खुशीचा आजा, बकाराम, ऑपरेशनला नाही म्हणत होता. छाती फाडलेली पोर परत येत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. म्हणून बाबूंनी दोन मसुदे करून ठेवले होते. घरचे हो म्हणाले तर कागदांची मेल जाईल. नाही म्हणाले तर नाव मागे घ्यायची जाईल, म्हणजे जागा वाया न जाता दुसऱ्या लेकराला मिळेल. गुरुवारी बकारामनं होकार दिला. नंदाबाईला पक्कं ठाऊक होतं की नाव मागे घ्यायची मेल थांबवायची आहे. ती ओळखायची खूण काय, तर तो एक शब्द. तोच मी सकाळी उडवला होता, म्हणून ती मेल मीच बदलून पाठवण्याजोगी केली असं तिनं धरलं.

आणि बाबूंनी मला खरं का सांगितलं नाही, तेही त्याच क्षणी कळलं. इंग्रजी न येणारी बाई इंग्रजी पत्रव्यवहाराला बसवली आहे, हे दुलीचंदजींना कळलं असतं तर त्यांनी एका झटक्यात तिला घरी पाठवलं असतं. बाबूंनी तिची इज्जत त्या दोन शब्दांत झाकून ठेवली होती.

पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता. चार सव्वीस. मी इस्पितळात फोन लावला. यादीचं काम बघणारा हिमांशू नावाचा मुलगा, बोलायला सभ्य. मी म्हटलं, चूक झाली, नाव काढू नका, पोरीचे ओठ काळे पडलेत. तो म्हणाला, "मॅडम, मला वाईट वाटतं, पण माझ्यापुढे तुमची लेखी मेल आहे. ती रद्द केल्याची लेखी मेल पाचच्या आत आली, सोबत कागद आले, तर मी नाव ठेवतो. फोनवर काहीच करता येणार नाही." मागे कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

माझ्याकडे मंडळाच्या मेलचा पासवर्ड नव्हता. तो त्या संगणकात भरलेला होता, नंदाबाईलाही ठाऊक नव्हता, बाबूंच्या डोळ्यावर पट्टी आणि फोन बंद. मेल तिथूनच जायला हवी होती. मी पुन्हा नंदाबाईला फोन लावला. सांगितलं, मी बोलते, तुम्ही टाइप करा.

"अक्सर अक्सर सांगा," ती म्हणाली.

बाजारातल्या गोंगाटात, एका कानात बोट घालून, मी तिला एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेले. वाक्य माझ्या डोक्यात तयार झालं तेव्हा मला रडू आलं, कारण त्यात तो शब्द घालावाच लागणार होता. ही मेल काही कळवत नव्हती. ही मेल स्वतःच काहीतरी करत होती, सकाळचं कृत्य पुसत होती. तिथे शंकेला जागा ठेवून चालणार नव्हतं. 'आम्ही' लिहून झालं आणि मी म्हटलं, "आता एच, ई..."

"हिअरबाय ना? तो येते मले," ती म्हणाली आणि कळा खडखडल्या.

पुढची अक्षरं. रद्द करत आहोत. नाव कायम ठेवावं. मग तिन्ही कागद, प्रत्येकामागे एक हिअरविथ. इको रिपोर्ट, रक्ताचा रिपोर्ट, संमतीपत्र. तो शब्द आला की ती माझी वाट न बघता पुढे जायची, आणि लगेच म्हणायची, "येक जोडला. दोन जोडला." तिसरा कागद जड होता, चढायला वेळ लागत होता. मागून खुशीचा खोकला ऐकू येत होता. चार एकोणपन्नास.

"चढला," ती म्हणाली.

"पाठवा."

"नाई."

"नाई म्हंजे?"

"हिअरबाय हाय जी याच्यात. दुलीचंदजीले विचारा लागते."

मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारचा भाजीवाला वळून बघायला लागला. म्हटलं, अकरा मिनिटं राहिलीत, पोरगी मरेल, मी सांगून राहिली ना, मी जबाबदार. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सकारीबी तुमचीच खून होती, म्याडम."

तिनं फोन कापला.

पुढची आठ मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. मी टोमॅटोच्या ढिगाऱ्याजवळ उभी होते. दुलीचंदजी राजनांदगावला कुणाच्या तरी वरातीत होते. नंतर नंदाबाईनं सांगितलं, तीन वेळा फोन वाजून बंद झाला. चौथ्यांदा त्यांनी उचलला तर बँडच्या आवाजात त्यांना काही ऐकू येईना. ती जिन्यात उभी राहून किंचाळली, "बच्ची का नाम कट गया है सेठजी, वापस लगाने का हिअरबाय है, भेजूं क्या?" ते म्हणाले, "अरे भेजो ना, पूछना क्या है!"

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी तिचा फोन आला. "धाडली," म्हणाली. त्यापाठोपाठ माझ्या फोनची बॅटरी गेली.

गोंदियाची एसटी मिळाली. पाऊण तास मी खिडकीच्या गजाला धरून बसले. बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या, कुठे कुठे रचलेल्या पेंढ्यांचे पुंजणे. मार्च, मार्च, एवढंच डोक्यात चाललं होतं. माझ्यामुळे ती पोर मार्च बघणार नाही, आणि तेही एका शब्दापायी नाही, माझ्या घमेंडीपायी. एवढी भीती मला माझ्या बापाच्या आजारपणातसुद्धा वाटली नव्हती. तिथे निदान माझा हात नव्हता.

जिना चढले. संगणकावर इस्पितळाचं उत्तर उघडं होतं. येऊन पंधरा मिनिटं झाली होती. त्याच्यासमोर चैतराम, रुख्मा, तिच्या मांडीवर खुशी आणि नंदाबाई असे चौघं बसले होते, आणि चौघांपैकी कुणालाही ते वाचता येत नव्हतं. खाली औषधाच्या दुकानात वाचणारे होते. पण पेशंटचा कागद बाहेर दाखवायचा नाही, हाही बाबूंचा नियम, तो तिनं मोडला नाही. चैतरामनं विचारलं होतं, काय लिवलं हाय बाई? तिनं त्याला सांगितलं होतं, मले वाचता येत नाई दादा, येनारी येऊन राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं हे परक्या माणसाला सांगितलं होतं, आणि त्यानंतर ती मान खाली घालून बसली होती.

मी उभ्यानंच वाचलं. अक्षरं हलत होती, दोनदा वाचावं लागलं.

"नाव ठेवलंय," मी म्हटलं. "कागद मिळाले. उद्या सकाळी आठला भरती करायचं आहे."

रुख्माला ते पटेना. "पक्कं?"

"पक्कं. निघा."

चैतरामनं गाठोडं उचललं, पुन्हा ठेवलं, माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले. मला ते सोसवेना. मी त्याला सांगायला हवं होतं की दादा, तुझ्या पोरीचं नाव मीच कापलं होतं. तेव्हा माझी हिंमत झाली नाही. ती पुढे इस्पितळात, ऑपरेशन होऊन खुशी वॉर्डात आल्यावर झाली.

ते गेल्यावर मी नंदाबाईसमोर बसले. दुलीचंदजींना सगळं मी सांगेन, चूक माझी आहे, तुमच्या कामाला धक्का लागू देणार नाही, असं बोलत राहिले. ती संगणकावर काहीतरी शोधत होती. मग तिनं पडदा माझ्याकडे वळवला. सकाळी गेलेली, नाव मागे घेणारी मेल होती ती.

"हे काय धाडलं मी, ते मराठीत वाचून दाखवा."

मी वाचलं. "प्रकरण क्रमांक एक्केचाळीस, वय वर्षे सहा, मुलगी. या मुलीचं नाव आम्ही शिबिराच्या यादीतून काढून घेत आहोत. तिची जागा दुसऱ्या रुग्णाला द्यावी."

ती पडद्याकडे बघत राहिली. आवाज चढवला नाही, चेष्टाही केली नाही.

"हे सगळं तुमाले सकारी वाचता आलं होतं?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.